थर्मोस्टॅट न बदलण्याबद्दल माझं म्हणणं

★☆☆☆☆ «केक उजवीकडे करपतो आणि मध्ये कच्चा राहतो म्हणून ओव्हन दाखवला. साडेअकराची वेळ देऊन सव्वाबाराला आले. आत थर्मामीटर टांगून दीड तास नुसते बसून राहिले, चहा प्यायले, ६०० रुपये घेतले आणि थर्मोस्टॅट चांगला आहे म्हणाले. काहीही बदललं नाही. केक अजून तसाच होतोय.»

दुकानमालकाचं उत्तर:

मॅडम, नमस्कार. उशीर झाला त्याबद्दल मनापासून माफी. आधीच्या घरचं काम लांबलं होतं, पण तुम्हाला फोन करायला हवा होता, तो मी केला नाही. ती चूक माझीच.

पण त्या दीड तासाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण माझं खरं काम तेवढंच होतं. ओव्हन एका आकड्यावर थांबत नाही. थर्मोस्टॅट रॉड बंद करतो, ओव्हन थोडा निवतो, मग तो पुन्हा चालू करतो. दिवा विझल्यावरही रॉड तापलेलाच असतो, म्हणून काटा आणखी थोडा चढतो. पहिल्या तापण्यात तर तो बराच वर जातो, त्यामुळे ती फेरी मी धरतच नाही. मधल्या जाळीच्या बरोबर मध्ये थर्मामीटर टांगून, दार न उघडता, काचेतून पुढच्या तीन फेऱ्या बघाव्या लागतात. दार उघडलं की आकडा झर्रकन पडतो आणि वाचन फुकट जातं.

तुमच्या ओव्हनची बटन १८० वर होती. काटा वर साधारण १९२ पर्यंत जायचा, खाली १६८ पर्यंत यायचा. मध्य धरला तर १८०. एवढा चढउतार घरगुती ओव्हनमध्ये असतोच. मग तेच १५० वर करून पाहिलं, तिथेही मध्य जवळपास बरोबर आला. दोन्ही ठिकाणी सारखाच २० अंशांचा फरक आला असता, तर बटन तेवढी मागेपुढे ठेवा एवढंच सांगितलं असतं. फरक प्रत्येक फेरीत वेगळा आला असता, तर थर्मोस्टॅट नक्की बदलला असता. तसं काहीच नव्हतं. चांगला भाग काढून नवा बसवला असता तर बिल १,५०० च्या पुढे गेलं असतं आणि केक तरीही उजवीकडेच करपला असता. पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, असं बिल मी कधी केलं नाही.

थर्मोस्टॅट चुकला तर अख्खा केक लवकर करपतो किंवा अख्खा कच्चा राहतो. एकच बाजू करपत असेल तर उष्णता तिथे जास्त पोचतेय, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या ओव्हनचा पंखा उजव्या भिंतीत आहे. तुम्ही मला जो टिन दाखवलात तो आठ इंची होता, वरच्या खाचेत होता आणि उजव्या भिंतीला जवळजवळ टेकलेला होता. वरच्या रॉडपासून जेमतेम तीन बोटांचं अंतर. पंखा गरम हवा त्याच बाजूवर सोडत होता, वरून रॉड भाजत होता. बाहेरचा भाग झटकन घट्ट होतो, वरचा रंग बघून आपण केक काढतो आणि मध्ये पीठ ओलंच असतं.

टिन एक खाच खाली घ्या, म्हणजे केक ओव्हनच्या मधोमध येईल. सगळ्या बाजूंनी तीन-चार बोटं जागा सोडा. पंखा बंद ठेवून खालचा-वरचा रॉड लावलात तर कृतीतले १८० तसेच ठेवा. पंखा लावायचाच असेल तर बटन १६० वर आणा, कारण फिरती हवा उष्णता लवकर देते. दोन-तृतीयांश वेळ झाल्यावर टिन अर्धा फिरवा, त्याआधी नको, केक बसतो. खात्री करायची असेल तर आधी जाळीभर ब्रेडचे स्लाइस पसरून भाजा, कुठे जास्त तापतंय ते रंगावरूनच कळेल.

हे सगळं मी निघताना दारात उभं राहून सांगितलं, घाईत. शिवाय वाचन पंखा बंद ठेवून घेतलं आणि तुम्ही केक पंख्यावर करता हे मी विचारलंच नाही. ते विचारायला हवं होतं. यापुढे आकडे आणि खाच पावतीवर लिहून देईन, आणि तुमच्याकडे पुन्हा येऊन पंख्यावरचं वाचन बिनपैशाने घेऊन देतो. वेळ तुम्ही सांगा, निघताना फोन करेन.

चहा तुमच्या सासूबाईंनी दिला होता. मी दोनदा नको म्हटलं होतं, त्यांनी आग्रह केला म्हणून घेतला. त्यांना माझा नमस्कार सांगा.