पगारवाढीचा करार बिनचूक फसवण्यासाठी

वेतन करार ३१ मार्चला संपणार, हे आपल्याला गेली तीन वर्षे ठाऊक असल्यामुळे तयारीची घाई करण्याचे काहीच कारण नाही. युनियनचे मागणीपत्र दरमहा २२,००० रुपये वाढीचे आले, की मोठ्याने हसावे आणि ३,००० रुपये देऊ करावेत. कामगार प्रत्यक्षात कितीवर मान्यता देतील हे जाणण्यासाठी शेजारच्या कारखान्यांतले ताजे करार मिळवून वाचावे लागतात, आणि ते काम आपल्या हुद्द्याला शोभणारे नाही. वाचले असते, तर ९,५०० च्या खाली सही केल्यास कमिटीला गेटसभेत तोंड दाखवता येणार नाही, हे दिसले असते. आपल्या ताळेबंदाला ११,००० झेपतात, हेही लेखा विभागाने सांगितले असते. म्हणजे खरी बोलणी या दीड हजारापुरतीच होती. पण एवढे आधीच कळले, तर उरलेल्या बारा बैठकांत करायचे तरी काय?

मर्यादा मात्र जरूर ठरवावी, आणि ती साहेबांच्या तोंडून निघालेल्या एका वाक्यात असावी: ‘दहा हजारांच्या वर एक पैसा नाही.’ मग या आकड्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा द्यावा, आणि बाकीचे ‘तपशील’ युनियनवर सोडून मन मोठे करावे.

उदाहरणार्थ, कारखान्यात ४०० कायम कामगार आहेत. दहा हजारांची वाढ तीन वर्षांत ५०:२५:२५ टक्क्यांनी दिली, तर एका कामगारामागे एकूण २,७०,००० रुपये लागतात. ६०:२०:२० दिली, तर २,८८,०००. फरक ७२ लाखांचा पडतो, पण मथळ्यात दहा हजारच राहतात, आणि साहेब मथळाच वाचतात. याच उदारपणे वाढीतले ४,००० ऐवजी ७,००० रुपये मूळ वेतनात घालावेत. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर आणि मागील सगळ्या सेवेसाठी मोजली जाते, त्यामुळे हे जादा ३,००० रुपये वीस वर्षे काम केलेल्या माणसाच्या खात्यावर सुमारे ३४,६०० रुपयांचे देणे होऊन बसतात (भत्ते एकूण वेतनाच्या निम्म्याच्या आत आहेत असे धरून). भविष्य निर्वाह निधी पूर्ण मूळ वेतनावर भरत असाल, तर दरमहा आणखी ३६०. ओव्हरटाइमच्या दुप्पट दराचा हिशेब तर आत्ताच काढून मन खट्टू करू नये.

शेवटी, बोलणी दहा महिने रेंगाळू द्यावीत. वाढ १ एप्रिलपासूनच लागू करावी लागेल, आणि पहिल्या वर्षाच्या ६,००० च्या हिशेबाने माणशी ६०,००० रुपयांची थकबाकी, म्हणजे २ कोटी ४० लाख, एकाच महिन्यात उभे करावे लागतील; पण त्याची तरतूद लेखा विभागाने केलेली नसेल, तर तो त्यांचा दोष. आपण हार घालून फोटो काढावा आणि पेढे वाटावेत. ग्रॅच्युइटीचा नवा आकडा घेऊन लेखापाल केबिनमध्ये येईल, तेव्हा त्यालाही एक पेढा द्यावा.