Opacity कमी केली म्हणून ओढणीतून ऊन येत नाही

फोटो एडिट करताना नुसती Opacity 50 वर ओढायची आणि म्हणायचं, "झाली बघ ओढणी पातळ!" डोकंच फिरतं राव.

कोल्हापुरात प्री-वेडिंगचं ठरलेलं असतं. रंकाळ्याची कड, शालिनी पॅलेसच्या अंगाला कललेलं ऊन आणि त्याच्याकडे पाठ करून उभी नवरी. फोटो एक नंबर येतो. घरी गेल्यावर मात्र वाटतं, वाईन रंगाची जाड ओढणी नको, पिवळी मलमल पाहिजे. "टाका की दादा एडिटमध्ये, पाच मिनिटांचं काम." आमचा शेठ लगेच हो म्हणून मोकळा!

अरे, Opacity कमी केली की ओढणी सगळीकडे सारखीच विरघळते. मागचं ब्लाउज दुधाळ दिसतं, आभाळापुढचा भाग मळकट होतो. खऱ्या मलमलीत उलटं असतं. ज्या भागामागे मोकळं आभाळ आहे, तिथून ऊन आरपार येतं आणि कापड पिवळंजर्द पेटतं. ज्या भागामागे खांदा आहे, तिथे ऊन अंगानेच अडवलेलं असतं, म्हणून तीच ओढणी तिथे मंद दिसते. म्हणजे आधी हे दोन भाग वेगळे निवडायला लागतात. मागचं दिसणारं सगळं कापडाच्या रंगाने रंगावं म्हणून ओढणीचा लेयर Multiply वर, आणि फक्त मोकळ्या भागावर उजेडाचा दुसरा लेयर Screen वर, तोही हलक्या हाताने मास्क करून. हाताला चिकटलेल्या जागी हाताच्या सावलीची कड रेखीव ठेवायची, कापड वीतभर लांब गेलं की ती पसरवायची. मानेवर थोडी पिवळी झाक द्यायची, कारण कापडातून गाळून आलेला उजेड तिथेच पडतो. जरीच्या काठातून तर काहीच येत नाही, तो उजेडासमोर काळपटच राहणार. शेठ म्हणतो, काठ पण चमकव. कशानं चमकवू? ऊन मागून आहे!

आणि चुण्या! एक थर 100 पैकी 60 भाग उजेड सोडत असेल, तर दोन थरांतून 36 च येतो, तिसऱ्याला जेमतेम 22. म्हणून जिथे चुणी पडते तिथे रंग गडद आणि दाट होत जातो. ओढणी खरी वाटते ती याच्यामुळे. प्रत्येक चुणीचा मास्क हाताने काढायला लागतो, त्याला ना बटण आहे ना शॉर्टकट. त्यात केसांच्या बटा कापडाआडून दिसतात, त्या वेगळ्याच. अख्खी संध्याकाळ तिथेच जाते, आणि पैसे मात्र "कलर चेंज"चेच.

एवढं करून पाठवलं, तर नवरीच्या मावशींचा फोन. "फोटो छान आहे हो, पण ओढणीवर उभे-उभे काळपट डाग पडलेत बघा. तेवढे पुसून द्या."