नंबर बदलला, तरी कोड जुन्याच नंबरावर का?

"मंगळवारी ॲपमध्ये मोबाइल नंबर बदलला. गुरुवारी पासवर्ड विसरलो, तर कोड जुन्याच नंबरावर! सपोर्टवाले म्हणतात, नव्यावर पाठवता येत नाही. खातं माझं आणि मलाच बाहेर उभं केलंय. एक स्टार."

नमस्कार. ऐन कामाच्या वेळी खातं उघडत नसेल तर राग येणारच. पण हा बिघाड नाही, ही सोय आम्ही मुद्दाम ठेवली आहे.

समजा, तुमचा उघडा फोन पाच मिनिटं कुणाच्या हाती लागला. तो माणूस सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःचा नंबर टाकतो. आम्ही खात्रीसाठी जुन्या नंबरावर कोड पाठवतो, पण तो येतो त्याच्याच हातातल्या फोनवर. मग घरी जाऊन तो 'पासवर्ड विसरलात?' दाबतो. तो कोड लगेच नव्या नंबरावर गेला, तर खातं गेलंच म्हणून समजा.

म्हणून नवा नंबर लॉगिनला लगेच चालतो, पण पासवर्ड परत मिळवायला 7 दिवस जुनाच नंबर चालतो. नंबर बदलल्याचा इशाराही आम्ही जुन्या नंबरावर आणि ईमेलवर पाठवतो. त्यातलं 'हा बदल मी केला नाही' दाबलं की जुना नंबर परत येतो आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट होतं. गूगलही रिकव्हरी नंबर बदलल्यावर 7 दिवस जुन्या नंबरावर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सुरक्षेची सगळी माहिती एकदम बदलली तर 30 दिवस थांबावं लागतं. सपोर्टच्या माणसाला ही मुदत मोडायचा अधिकार आम्ही दिलेला नाही, कारण फोनवर कळवळून बोलणारा खरा मालक आहे की चोर, हे त्याला आवाजावरून ओळखता येत नाही.

जुनं सिम अजून चालू असेल तर ते फोनमध्ये घाला, कोड येईल. बंद झालं असेल तर 'दुसरा मार्ग' निवडून रिकव्हरी ईमेलवर कोड मागवा. खातं उघडताना जपून ठेवायला दिलेले बॅकअप कोडही चालतील. यातलं काहीच हाताशी नसेल तर मुदत संपेपर्यंत थांबावं लागेल. त्यानंतर नवा नंबर आपोआप लागू होईल.

आत गेल्यावर एक गोष्ट जरूर बघा. लॉगिनचा ईमेल आणि रिकव्हरी ईमेल या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिला बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. सोडलेल्या नोकरीतला पत्ता तिथे राहून गेला, तर कोड आणि सुरक्षेचे इशारे जिथे तुम्हाला पोहोचता येत नाही अशा इनबॉक्समध्ये जात राहतात. 'पासवर्ड विसरलात?' दाबल्यावर नंबराचे शेवटचे दोन अंक आणि ईमेलची पहिली अक्षरं दिसतात. ती ओळखीची नसतील तर त्या नोंदी आधी दुरुस्त करा. आणि पुढच्या वेळी नंबर बदलाल तेव्हा जुनं सिम किमान आठवडाभर चालू ठेवा.