मिळवली की मिळाली?

गेल्या महिन्यात माझ्या एका माजी विद्यार्थिनीने फेसबुकवर टाकण्यापूर्वी आपली पोस्ट माझ्याकडे पाठवली आणि लिहिले, "मॅडम, फुशारकी वाटत नाही ना, एवढे बघा." तिची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी निवड झाली होती. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याचा सामाजिक न्याय विभाग ही योजना चालवतो आणि तिच्यातून शिक्षण शुल्क, निर्वाहभत्ता व विमानप्रवासाचा खर्च दिला जातो. तिचा मसुदा असा होता:

"अखेर मी करून दाखवलं! जिद्द, चिकाटी आणि अथक परिश्रमांच्या जोरावर मी परदेश शिष्यवृत्ती मिळवली. ज्यांनी नावं ठेवली त्यांना हे उत्तर आहे. सर्वांचे मनःपूर्वक आभार."

आनंद खरा होता, पण चार वाक्यांपैकी तीन स्वतःविषयी आणि हिशेब चुकता करण्याविषयी होती, तर चौथे वाक्य कोणाच्याही पोस्टखाली चिकटवता आले असते. मी तिला प्रथम क्रियापदाकडे पाहायला सांगितले. "मी मिळवली" म्हटले की सगळे कर्तृत्व एका माणसाकडे जाते. "मला मिळाली" म्हटले की देणारा कोणीतरी आहे हे वाक्यातच मान्य होते. आणि "माझी निवड झाली" यात निवड करणाऱ्यांचाही वाटा राहतो आणि आपण निवडीस पात्र ठरलो हेही झाकले जात नाही. मराठीने ही सोय क्रियापदातच करून ठेवली असल्यामुळे नम्रतेसाठी वेगळी विशेषणे शोधावी लागत नाहीत. "जिद्द, चिकाटी" हे शब्द मी काढायला सांगितले, कारण ते इतरांनी आपल्याविषयी म्हणायचे असतात. टोमण्याचे वाक्यही गेले, कारण ते राहिले असते तर ज्यांना ती मनापासून धन्यवाद देऊ इच्छित होती, त्यांच्याआधी वाचकाला तिचे विरोधक भेटले असते.

दुसऱ्या दिवशी आलेला मसुदा मात्र मला पहिल्यापेक्षा जास्त खटकला. त्यात लिहिले होते, "माझ्यासारख्या सामान्य मुलीची पात्रता नसतानाही शासनाने माझ्यावर उपकार केले." हे वाक्य मी ठामपणे खोडले. पात्रता तपासूनच निवड होते, त्यामुळे ती नव्हती असे म्हणणे सरळसरळ खोटे आहे. शिवाय ही योजना ज्या समाजासाठी आहे, त्यातल्या मुलीने सार्वजनिक निधीला उपकार म्हणावे, हे मला मान्यच नाही. 1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड मंजूर झाले होते आणि त्या बदल्यात शिक्षणानंतर संस्थानाची सेवा करण्याचा करारही होता. सयाजीरावांविषयी कृतज्ञता बाळगावी, पण तिथेही देण्याघेण्याच्या अटी कागदावर होत्या, हे विसरू नये. कृतज्ञ व्हायचे म्हणजे लाचार व्हायचे नाही, हे मी तिला दोन वेळा सांगितले.

मग आम्ही "सर्वांचे आभार" हे वाक्य घेऊन बसलो, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला. मी विचारले, कोणी नेमके काय केले? तिने आठवून आठवून सांगितले: ग्रंथपालांनी परीक्षेच्या काळात अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी ठेवली, एका वरिष्ठ विद्यार्थिनीने उद्देशपत्र चार वेळा वाचून दिले, आणि मोठ्या भावाने जातवैधता प्रमाणपत्रासाठी दोनदा रजा घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घातले. अशा एकेका कृतीचा उल्लेख झाला की आभार आपोआप खरे वाटतात, कारण आपल्या यशात दुसऱ्याचा किती वेळ गेला हे वाचकाला दिसते. आईची मजुरी आणि घरावरचे कर्ज यांविषयीही तिने लिहिले होते. ते आईला वाचून दाखव आणि मगच ठेव, असे मी सुचवले. आईने मजुरीचे राहू दिले, कर्जाचे काढायला सांगितले.

शेवटी पोस्ट अशी झाली:

"राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी माझी निवड झाली असून सप्टेंबरमध्ये मी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी इंग्लंडला जात आहे. अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी ठेवणारे ग्रंथपाल सर, माझे उद्देशपत्र चार वेळा वाचणारी ताई आणि कागदपत्रांसाठी रजा घेऊन फिरलेला दादा यांच्यामुळे अर्ज वेळेत पूर्ण झाला. आईने मजुरी करून मला शिकवले. आज मला खूप आनंद झाला आहे. ज्यांना पुढच्या वर्षी अर्ज करायचा आहे, त्यांनी मला विचारावे. कोणते कागद आधी काढावे लागतात ते मी सांगेन."

"आज मला खूप आनंद झाला आहे" हे वाक्य मी काढायला सांगितले होते, कारण मला ते साधे आणि अनावश्यक वाटले. तिने नकार दिला. "मॅडम, सगळ्यांचे आभार मानताना माझा आनंदच राहून जातोय," ती म्हणाली. मी पुन्हा एकदा सगळे वाचले आणि ते वाक्य होते तिथेच राहू दिले.