‘डिस्टन्स’ शब्द लपवण्याच्या सल्ल्याला उत्तर

«मुक्त विद्यापीठाची डिग्री असेल तर बायोडेटात ‘डिस्टन्स’ हा शब्द टाकूच नका. ज्या कॉलेजात अभ्यासकेंद्र होतं त्याचं नाव लिहा आणि फॉर्मवर ‘फुल टाइम’ निवडा. कायद्याने डिग्री सारखीच आहे, मग सांगायचं कशाला? कोणी विचारलंच तर म्हणा, यूजीसीने सगळ्या डिस्टन्स डिग्र्या मान्य केल्यात, कंपनीला नाही म्हणताच येत नाही.»

हा सल्ला मला या महिन्यात तीन जणांनी पाठवला. मी बरीच वर्षं उमेदवारांच्या कागदपत्रांची पडताळणी करतो आहे, आणि हे वाचून कोणाची हाती आलेली नोकरी जाऊ नये म्हणून लिहितो आहे.

सुरुवात कॉलेजच्या नावापासून करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने नाशिकच्या अंबड एमआयडीसीत स्टोअरमध्ये नोकरी करत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं. प्रवेश 2021 चा, निकाल 2024 चा. रविवारी संपर्कसत्रं एका कॉलेजात व्हायची, म्हणून बायोडेटात त्याने त्या कॉलेजचंच नाव लिहिलं. पुण्यातल्या एका कंपनीने ऑफर दिली आणि पडताळणी करणाऱ्यांनी त्या कॉलेजला विचारलं. कॉलेजने आपलं नियमित प्रवेशाचं रजिस्टर पाहून कळवलं, ‘या नावाचा विद्यार्थी आमच्याकडे नव्हता.’ कॉलेज खरंच बोलत होतं. अभ्यासकेंद्र ही फक्त शिकवण्याची जागा असते. प्रवेश, परीक्षा आणि पदवी या तिन्ही गोष्टी विद्यापीठाच्या. पण अहवालात मुलाच्या नावापुढे ‘नोंद आढळली नाही’ असा शेरा पडला. खऱ्या पदवीच्या माणसावर बनावट पदवीचा संशय आला, तोही पत्ता चुकीचा दिल्यामुळे.

संस्थेच्या रकान्यात विद्यापीठाचंच नाव हवं आणि शेजारी कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला नोंद त्याच क्रमांकावरून सापडते. फॉर्म कॉलेजचं नाव मागतच असेल, तर आधी ‘अभ्यासकेंद्र’ असं लिहून मग नाव द्या.

आता ‘फुल टाइम’ची निवड. यूजीसीच्या दूरशिक्षणाच्या नियमांनुसार पदवी प्रमाणपत्राच्या आणि गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची तारीख आणि पूर्ण केल्याची तारीख छापणं विद्यापीठाला बंधनकारक आहे. अभ्यासकेंद्राचं नावही तिथे असतं. म्हणजे बायोडेटात लपवलेली गोष्ट तुम्ही स्वतःच स्कॅन करून देणार असलेल्या कागदावर छापलेली असते. अनेक जण फक्त पुढची बाजू पाठवतात, आणि मागची बाजू मागायची हे आम्हाला तिथेच कळतं. दुसरा धागा पीएफचा. या मुलाचा पीएफ 2020 पासून सलग कापला जात होता. नोकरी पूर्णवेळ आणि त्याच तीन वर्षांत कॉलेजही पूर्णवेळ, असं मांडलं की वाचणाऱ्याला दोन्हींपैकी एक खोटं वाटतं. ‘दूरस्थ’ हा एक शब्द लिहिला असता तर दोन्ही तारखा आपोआप जुळल्या असत्या. उलट नोकरी सांभाळून वेळेत पदवी घेतली, हे न बोलता दिसलं असतं.

बायोडेटातली ओळ मी त्याला अशी बदलून दिली:

बी.कॉम., यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक (राज्य मुक्त विद्यापीठ), 2021–2024, दूरस्थ पद्धत, पूर्णवेळ नोकरी करत

‘राज्य मुक्त विद्यापीठ’ हे शब्द मुद्दाम घातले. महाराष्ट्राबाहेरच्या एचआरला हे विद्यापीठ माहीत असेलच असं नाही. हे 1989 मध्ये राज्याच्या कायद्याने स्थापन झालं आहे, कोणा ट्रस्टने काढलेली संस्था नाही, एवढं त्या तीन शब्दांतून पोचतं.

‘सगळ्या मान्य केल्यात’ हे अर्धसत्य आहे, आणि पूर्ण असत्यापेक्षा ते जास्त फसवतं. यूजीसीच्या 2020 च्या नियमांत 22 वा नियम समकक्षतेचा आहे. सप्टेंबर 2022 मध्ये यूजीसीने जाहीर सूचना काढून तोच पुन्हा स्पष्ट केला: मान्यताप्राप्त संस्थेने दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी आणि पदव्युत्तर पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी. पदव्युत्तर पदविकाही त्यात आहे. बारावीनंतरच्या पदविका आणि प्रमाणपत्रं या नियमात येत नाहीत. शिवाय मान्यता विद्यापीठाला एकदाच आणि कायमची मिळत नाही. कोणत्या शिक्षणक्रमाला, कोणत्या शैक्षणिक वर्षी आणि जानेवारी की जुलैच्या सत्रासाठी, अशी ती असते. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा असे विषय दूरस्थ पद्धतीने शिकवायला परवानगीच नाही. तशी पदवी कोणी विकत असेल तर तिला हा नियम वाचवणार नाही.

म्हणून deb.ugc.ac.in या संकेतस्थळावर आपल्या *प्रवेशाच्या* वर्षाची यादी उघडा. निकालाच्या वर्षाची पाहून उपयोग नाही, ही चूक फार जण करतात. यादीत विद्यापीठ आणि शिक्षणक्रम दोन्ही सापडले की ते पान जपून ठेवा. पदवी 2020 च्या आधीची असेल तर यूजीसीचं 14 ऑक्टोबर 2013 चं परिपत्रक समकक्षतेबद्दलच आहे, ते जोडता येतं.

राहिला कंपनीचा नकार. खासगी कंपनी ‘फक्त नियमित पूर्णवेळ पदवी’ अशी अट घालू शकते आणि घालते. समकक्षतेचा नियम पदवीचा दर्जा ठरवतो, भरतीची अट ठरवत नाही. जाहिरातीत तशी अट असेल तर अर्ज करण्याआधी एचआरला विचारा. नियम दाखवून भांडल्याने दार उघडलेलं मी पाहिलेलं नाही. पण बऱ्याचदा अट नसतेच, समोरच्याला फक्त खात्री नसते. तिथे पाच ओळींची ई-मेल पुरते: मी अमुक विद्यापीठातून दूरस्थ पद्धतीने पदवी घेतली. विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं आहे. माझ्या प्रवेशवर्षी हा शिक्षणक्रम यूजीसीच्या यादीत होता, ते पान जोडलं आहे. सप्टेंबर 2022 ची समकक्षतेची सूचनाही जोडली आहे. पडताळणीसाठी माझा पीआरएन हा, आणि गुणपत्रिकांच्या दोन्ही बाजू सोबत आहेत. यात विनवणी नको आणि स्वतःचं कौतुकही नको. एचआरला ही ई-मेल आपल्या वरिष्ठाकडे जशीच्या तशी पुढे पाठवता आली पाहिजे.

सल्ल्यात नसलेली एक गोष्ट, कारण तीही अडकवते. बारावी न करता पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीला गेलेल्यांनी बारावीच्या रकान्यात ‘पूर्वतयारी’ असंच लिहावं. काही जाहिराती दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी असा स्पष्ट क्रम मागतात. तिथे पदवी खरी असूनही अर्ज बाद होऊ शकतो, म्हणून आधी लेखी विचारून ठेवा.

अंबडच्या त्या मुलाने चूक कबूल करणारं पत्र दिलं, ओळ सुधारली आणि पडताळणी विद्यापीठाकडे पुन्हा पाठवायची विनंती केली. विद्यापीठाकडून ‘नोंद बरोबर आहे’ असं उत्तर आलं. तोवर रुजू व्हायची तारीख उलटून गेली होती, आणि अंबडचा राजीनामा त्याने आधीच दिला होता. तीन आठवडे तो बिनपगारी घरी बसला, मग कंपनीने नवी तारीख दिली.