केस उपटणाऱ्या मुलीला लाज लावून काय साधतं?

> "वयात आलेली मुलं केस उपटतात ती फक्त लक्ष वेधून घ्यायला. मनावर घेतलं तर एका दिवसात थांबतील. सरळ टक्कल करा, बोटांना कडुनिंबाचा रस लावा, चारचौघांत टोका. लाज वाटली की खोड मोडते. केस गेलेल्या जागी कांद्याचा रस चोळा. डॉक्टरकडे नेऊ नका, उगाच डोक्याच्या गोळ्या सुरू करतात. प्रत्येक आईबापापर्यंत पोचवा."

मी शाळकरी मुलांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. हा मजकूर वाचून पालक येतात तेव्हा बरेचदा मुलीच्या डोक्यावरून वस्तरा फिरलेला असतो आणि घरातलं बोलणं बंद पडलेलं असतं. म्हणून मला एकेका मुद्द्याला उत्तर द्यायचं आहे.

कांद्याच्या रसाचा मुद्दा आधी घेते, कारण त्यात निदानच राहून जातं. डोक्यावर केस नसलेली जागा दिसली की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो 'चाई'. चाई पडते तेव्हा जागा बहुधा गोल आणि गुळगुळीत असते, बोट फिरवलं तर त्वचा मऊ लागते. डोक्यात नायटा झाला असेल तर खवले सुटतात, खाज येते, कधी पू होतो, आणि त्याला बुरशीवरचं औषध पोटातून घ्यावं लागतं. केस उपटल्याने विरळ झालेली जागा या दोन्हींपेक्षा वेगळी दिसते. तिच्या कडा वेड्यावाकड्या असतात आणि ती पूर्ण गुळगुळीत नसते. एक केस अर्धा सेंटिमीटरचा, शेजारचा दोन सेंटिमीटरचा, काही मधेच तुटलेले, काही नुकतेच उगवलेले, असे खुंट हाताला लागतात. अनेकदा ही जागा ज्या हाताने उपटलं जातं त्या हाताच्या सहज टप्प्यात असते. भुवया किंवा पापण्यांतही अशी खिंडारं दिसू शकतात. त्वचारोगतज्ज्ञ भिंगाच्या यंत्रातून पाहून यातला फरक ओळखतात, म्हणून पहिली भेट त्यांची घ्यावी. कांद्याच्या रसाने त्वचा चुरचुरते, आणि चुरचुरणाऱ्या जागेकडे हात जास्त वेळा जातो.

आता लक्ष वेधण्याबद्दल. इथे एका मुलीचं उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. चौदा वर्षांची, नववीतली. केस गेलेली जागा डाव्या कानाच्या वर, साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढी. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या, त्यामुळे भांग पाडला की जागा उघडी पडायची. ती वर्गात भिंतीला डावी बाजू लागेल असं बाक धरून बसायची. पंख्याखाली बसत नव्हती, पोहायला जाणं सोडलं होतं, मावशीच्या घरच्या बारशाला पोट दुखतंय म्हणून गेली नाही. उपटलेले केस पुस्तकांच्या कपाटामागे टाकलेले आईला सापडले. जिला लक्ष हवं असतं ती इतक्या कष्टाने लपवत नाही. या आजारात बहुतेक मुलं हेच करतात: एकटी असताना उपटतात आणि बाकीचा दिवस झाकण्यात घालवतात.

आजार हा शब्द मी मुद्दाम वापरते. याला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात, आणि हे नाव एका फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने 1889 मध्ये दिलं, म्हणजे मोबाइलवर खापर फोडायलाही जागा नाही. साधारण शंभरात एक-दोन माणसांना तो होतो आणि सुरुवात बहुतेक वेळा दहा ते तेरा या वयात होते. पुन्हापुन्हा उपटून केस विरळ होणं, थांबवायचा प्रयत्न करूनही न थांबणं, आणि त्यामुळे त्रास होणं किंवा शाळा, मैत्री, घर यांत अडथळा येणं, या खुणांवरून तो ओळखतात. वाचताना केसांशी नुसता चाळा करणाऱ्या प्रत्येक मुलीला तो असतो असं नाही.

मनावर घेण्याचा सल्ला फसतो तो उपटणं दोन तऱ्हांनी होतं म्हणून. कधी ते नकळत होतं. ती मुलगी म्हणाली होती, "मॅडम, मला कळतच नाही. गणित सोडवता सोडवता बघते, तर वहीवर केस पडलेले." हात गेला हेच जिथे कळलं नाही, तिथे निश्चय कशाचा करणार? आणि कधी ते कळून होतं. आतून ताण चढतो, एखादा जाड, खरखरीत केस बोटांना लागतो, तो काढल्याशिवाय चैन पडत नाही, काढला की क्षणभर हलकं वाटतं. त्या हलकं वाटण्यामुळे मेंदू पुढच्या वेळी तेच मागतो. बहुतेकांत दोन्ही तऱ्हा मिसळलेल्या असतात.

टक्कल केल्याने काही दिवस उपटता येत नाही, हे खरं. पण ऊर्मी तशीच राहते आणि हात भुवयांकडे, पापण्यांकडे वळू शकतो. चारचौघांत टोकल्यावर ताण वाढतो, आणि अनेक मुलांत ताण हेच उपटण्याचं निमित्त असतं. म्हणून उपटणं कमी होण्याऐवजी बाथरूमचं दार लावून होऊ लागतं आणि आईबापांना ते दिसेनासं होतं. पालक मला सांगतात, "ओरडल्यावर थांबली होती." ती थांबली नव्हती, लपली होती. बोटांना कडू रस लावण्यातही शिक्षेचाच वास आहे. मात्र बोटांच्या टोकांना पट्टी चिकटवली की केस नीट पकडता येत नाही, आणि हा उपाय खरोखर उपयोगी पडतो. अट एकच, ती पट्टी मुलीने स्वतः निवडलेली आणि स्वतः लावलेली असावी.

मग करायचं काय? ज्या उपचाराला सर्वांत चांगला आधार आहे त्याला सवय-उलट प्रशिक्षण म्हणतात. एझरिन आणि नन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये तो मांडला. त्याची सुरुवात थांबवण्याने होत नाही, पाहण्याने होते. वर सांगितलेल्या मुलीने आठवडाभर एक छोटी वही ठेवली. हात केसांकडे गेल्याचं लक्षात आलं की वेळ, जागा, कोणता हात, त्या वेळी काय चाललं होतं आणि केसाचं पुढे काय केलं, एवढंच लिहायचं. किती केस गेले ते मोजायचं नाही.

वहीतून चित्र स्पष्ट झालं. जवळपास सगळ्या नोंदी संध्याकाळी सात ते नऊमधल्या, आतल्या खोलीतल्या टेबलावरच्या. उजव्या हातात पेन, डावा हात मोकळा, कोपर टेबलावर, गाल तळव्यात. तिथून बोटं कानामागे जायची, खरखरीत केस शोधायची, ओढायची, मग ती केसाचं मूळ निरखायची आणि ओठांवरून फिरवायची. दुसरी जागा बाथरूमच्या आरशासमोरची, हातात भुवयांचा चिमटा.

ही साखळी जितकी आधी तोडावी तितकं सोपं जातं. केस बोटांत धरल्यावर थांबणं फार अवघड असतं, पण कोपर टेबलावर टेकलं हे ओळखणं जमतं. म्हणून कोपर टेकलं की डावी मूठ हलकी आवळायची, हात शरीराजवळ घ्यायचा आणि एक मिनिट किंवा ऊर्मी ओसरेपर्यंत तसाच ठेवायचा. ऊर्मी लाटेसारखी असते, न उपटताही ती ओसरते, आणि हे दर वेळी अनुभवणं हाच उपचाराचा गाभा आहे. ही कृती वर्गातही कुणाला न कळता करता येते.

त्याच्या जोडीला जागा बदलली. टेबल बाहेरच्या खोलीत आलं, अभ्यासाच्या वेळी केसांना तेल लावून वर रुमाल बांधायचं ठरलं, चिमटा आईच्या कपाटात गेला. बोटांना जो खरखरीतपणा हवा होता त्यासाठी डाव्या हातात काथ्याची दोरी दिली, तिचे तंतू ती खुशाल ओढत बसायची. ओठांसाठी स्वच्छ मऊ ब्रश. हे भाग प्रत्येक मुलात वेगळे निघतात. कुणाला अंथरुणात पडल्यावर ऊर्मी येते, कुणाला भांडण झाल्यावर, म्हणून दुसऱ्याची यादी जशीच्या तशी उचलू नये आणि वही टाळू नये.

आईला सर्वांत जड गेलं ते गप्प राहणं. ती दर रात्री भांग तपासायची. ते बंद केलं. "पुन्हा हात गेला ना!" याऐवजी दोघींनी एक खूण ठरवली: आई काही न बोलता दोरी टेबलावर ठेवणार. कौतुक करायचं ते मूठ वळल्याचं, केस वाढल्याचं नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून डोकं पाहून प्रगती मोजली तर सुरुवातीचे आठवडे सगळेच निराश होतात. चाचणी परीक्षेच्या काळात नोंदी पुन्हा वाढल्या. हे होतंच. तेव्हा वही पुन्हा रोज सुरू केली. काही महिन्यांनी कानावरची जागा भरली, ऊर्मी मात्र अधूनमधून येतेच, आणि ती आली की काय करायचं हे तिला माहीत आहे. वर्षानुवर्षं एकाच जागी उपटलं गेलं तर काही केसांची मुळं कायमची खराब होऊ शकतात, म्हणून लवकर सुरुवात केलेली बरी.

राहिला गोळ्यांचा मुद्दा. फक्त या आजारासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध आज नाही. एन-असिटिलसिस्टीन या औषधाने प्रौढांत फायदा दिसला होता, पण मुलांवरच्या 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला सारख्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. म्हणून मुलांसाठी पहिला उपचार वर्तनाचाच. सोबत नैराश्य, तीव्र चिंता किंवा मंत्रचळ असेल तर मानसोपचारतज्ज्ञ त्यासाठी औषध सुचवतील, आणि ते का देत आहेत हे तुम्ही त्यांना विचारू शकता. उपचार करणारी व्यक्ती निवडताना सवय-उलट प्रशिक्षण देता का, असं थेट विचारा. गावात कुणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांना टाळण्याचा सल्ला जिथे खरोखर धोक्याचा आहे ती गोष्ट शेवटी सांगते. उपटलेला केस तोंडात जातो का, गिळला जातो का, हे शांतपणे, न रागावता विचारा. केस पचत नाहीत. ते जठरात साठून गोळा होऊ शकतो आणि मग शस्त्रक्रिया करावी लागते. केस गिळणाऱ्या मुलीचं पोट वारंवार दुखत असेल, थोडं खाल्लं तरी पोट भरत असेल, उलट्या होत असतील, वजन उतरत असेल किंवा पोटात गाठ लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि केस खाण्याबद्दल त्यांना स्वतःहून सांगा. मुलगी बहुधा ते सांगणार नाही.