आठवण पाठवायची की नाही, हे पाठवताना ठरवा

चॅटबॉटच्या मेसेजांना लोक कंटाळतात ते मेसेज फार येतात म्हणून, असं सरसकट बोललं जातं. हे बॉट तयार करण्याचं काम मी करते, आणि मला ते अर्धंच पटतं. माणूस खरा भडकतो तो काम उरकल्यावर आलेल्या आठवणीने. बिल भरून झालंय, आणि वर मेसेज येतो: 'आपले बिल थकले आहे.'

असं का होतं? डॉक्टरांची गुरुवारी सकाळी 11 ची वेळ घेतली, की बॉट त्याच क्षणी आठवणीचा मजकूर तयार करून पाठवायच्या मेसेजांच्या रांगेत टाकतो. पेशंटने मध्येच फोन करून शुक्रवारची वेळ घेतली तर रांगेला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून रांगेत मजकूर ठेवूच नये, फक्त नोंदीचा क्रमांक आणि पाठवायची वेळ ठेवावी. पाठवण्याच्या क्षणी ताजी नोंद बघायची: भेट अजून आहे का, वेळ तीच आहे का, मेसेजची परवानगी कायम आहे का. सर्व्हर बंद पडून उशीर झाला असेल तर शिळी आठवण सरळ फेकून द्यायची.

वेळेचं म्हणाल तर 11 च्या भेटीसाठी आदल्या संध्याकाळी एक मेसेज पुरतो, कारण तेव्हा रद्द केलं तर ती वेळ दुसऱ्या कुणाला देता येते. सकाळी दुसरा पाठवायचा तो फक्त 'हो' न म्हणणाऱ्यांना. रात्री 9 ते सकाळी 8 शांतता पाळायची, तीही पेशंट जिथे आहे तिथल्या घड्याळाप्रमाणे. इथे एक गंमत होते. शांततेत अडकलेला मेसेज अनेक यंत्रणा पुढे, सकाळी 8 वर ढकलतात. भेट 7 ची असेल तर? आठवण नेहमी मागे, शांतता सुरू होण्याआधी सरकवावी.

बंद करण्याची सोय हा सगळ्यात नाजूक भाग. 'उद्या येणार का?' या प्रश्नावर कुणी वैतागून 'नको आता' लिहिलं, की बॉट 'नको' एवढंच पकडतो आणि भेटच रद्द करतो! त्यामुळे 'भेट रद्द करा' आणि 'आठवणी बंद करा' अशी दोन वेगळी बटणं हवीतच. टाइप केलेलं उत्तर संदिग्ध असेल तर बॉटने एकदाच विचारावं, काहीही गृहीत धरू नये. आठवणी बंद केल्यावर एका ओळीची पोच द्यावी. 'आम्हाला तुमची उणीव भासेल' वगैरे लाडीगोडी कृपया नको.

'बंद करा' दाबणाऱ्यांचा आकडा वाढला की वरिष्ठ ते बटण लपवायला सांगतात. हे मला अजिबात मान्य नाही. बटण सापडलं नाही की माणूस ब्लॉक करतो, आणि मग भेट खरंच रद्द झाल्याचा निरोपही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय व्हॉट्सअॅपवर ब्लॉक आणि तक्रारी वाढल्या की व्यवसायाच्या नंबरचा दर्जा घसरतो, म्हणजे ज्यांना आठवण हवी होती त्यांचंही नुकसान.